उणे ४०

काल कट्ट्यावर वादाला तोंड फोडले ते सुहासने. मक्तेदाराने किंमत किती लावावी यासाठी व्यस्त लवचिकतेचा नियम तयार असताना डोके कशाला खाजवायचे, असा त्याचा सवाल होता. किंमत आणि सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक नग काढण्याचा खर्च, यांतील फरकाला किमतीने भागले की १ भागिले मागणीची लवचिकता हे उत्तर यायला हवे, एवढाच तो नियम. किंमत एक टक्का वाढली की खप किती टक्के घटतो, ती लवचिकता. फरकाला किमतीने भागून येणारे गुणोत्तर १९३४ साली अब्बा लर्नर यांनी मक्तेदारीची ताकद मोजण्यासाठी मांडले होते. "लवचिकता मोजा, सूत्रात घाला, किंमत हातात," सुहास म्हणाला.

माधवीने वहीच्या मागच्या पानावर एक उदाहरण लिहिले. खप म्हणजे १०० वजा किंमत, आणि आणखी एक नग काढण्याचा खर्च २०. आजची किंमत ४० धरली तर ६० नग खपतात, आणि किंमत १ ने वाढली की खप १ ने घटतो, म्हणजे लवचिकता ४० भागिले ६०, सुमारे ०.६७. सुहासने ती सूत्रात घातली आणि किंमत आली उणे ४०!

"किंमत ८० धर," तो हट्टाने म्हणाला. तिथे लवचिकता ४ निघाली आणि सूत्राने सुमारे २७ सांगितले. पण २७ ला लवचिकता पुन्हा एकच्या खाली, म्हणजे पुन्हा उणे उत्तर. सरळ रेषेच्या मागणीत किमतीबरोबर लवचिकताही बदलते, आणि नियमाला हवी असते ती सर्वाधिक नफ्याच्या किमतीवरची.

"ती किंमतच ठाऊक असेल तर नियम हवा कशाला?" हा सुहासचा प्रश्न मला त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला वाटला. माझे म्हणणे असे, की नियमाने किंमत काढू नये, असलेली तपासावी. फरकाच्या गुणोत्तराला तिथल्याच लवचिकतेने गुणावे: ८० ला ०.७५ गुणिले ४ म्हणजे ३, एकाहून जास्त, म्हणून किंमत उतरवावी. ४० ला गुणाकार एक तृतीयांश, म्हणून चढवावी. ६० ला तो बरोबर १ होतो. (खर्चात जागेचे भाडे मात्र धरायचे नाही, कारण नग वाढला म्हणून ते वाढत नाही.)

माधवीचे समाधान झाले नव्हते. ६० ला लवचिकता १.५ आहे, पण ती सगळ्याच किमतींना १.५ असती, तर खर्च २० चा ३० होताच किंमत खर्चाच्या तिप्पट, म्हणजे ९० झाली असती. सरळ रेषेत ती फक्त ६५ होते.

"मग ६३ ला विकून पाहू, कोणती मागणी खरी ते कळेल," सुहास म्हणाला. माधवीने तेही मांडून दाखवले: सरळ रेषेत ३७ नग, दुसरीत ३७.२.