फोटोतला एक ॲश ब्राऊन आणि माझ्या डोक्यावरचे तीन रंग

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नाआधी मी एक अख्खी संध्याकाळ फोनमधल्या एका ॲपवर स्वतःच्या फोटोतले केस रंगवत बसले होते. बर्गंडी, कॉपर, चॉकलेट असं करत करत चाळिसेक शेड डोक्यावर चढवल्या आणि उतरवल्या. शेवटी एका ॲश ब्राऊनवर जीव जडला. थंड, धुरकट तपकिरी. ना लाल ना सोनेरी. स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला. भाचीचा लगेच मेसेज आला, "मावशी, हाच कर! दहा वर्षं उडाली!" माझी बहीण कधी कोणाचं कौतुक करत नाही, तिनेही अंगठा दिला.

तोच स्क्रीनशॉट घेऊन पार्लर गाठलं. तिथल्या ताईंनी फोन हातात घेतला, माझ्या केसांकडे पाहिलं, म्हणाल्या, "होईल मॅडम." एवढंच. डब्यावर आकडा होता ६.१. दोन तासांनी केस वाळवून आरशात पाहिलं, तर डोक्यावर तीन रंग. मुळाशी दोन बोटं तांबूस तपकिरी. तिथून खाली शेंड्यापर्यंत केस जसे काळे होते तसेच काळे. आणि कानशिलांवर जिथे पांढरे केस आहेत तिथे फिक्कट, चुलीतल्या राखेसारखी छटा. लग्नात मी अंबाडा घातला आणि भरपूर गजरे माळले. फोटोत फार कळत नाही. मला कळतं.

पुढचे काही दिवस मी ॲपला शिव्या घातल्या, मग ताईंना, मग स्वतःला. राग उतरल्यावर थोडं खोलात गेले. माझी एक शाळेतली मैत्रीण कलरिस्ट आहे, तिला घरी बोलावून पोहे खायला घातले आणि सगळं समजून घेतलं. ते सांगायलाच ही पोस्ट आहे, कारण दर लग्नसराईत कोणीतरी मला असा स्क्रीनशॉट पाठवून विचारतंच, "कसा दिसेल?"

ॲप काय करतं ते आधी. ते फोटोतला केसांचा भाग ओळखून वेगळा काढतं, जणू केसांच्या आकाराचं कागदी स्टेन्सिल कापलं. मग त्या भागातला उजेड आणि सावली शक्यतो तशीच ठेवून रंग तेवढा बदलतं. म्हणून ते इतकं खरं वाटतं. आपलीच बट, आपलीच चमक, फक्त रंग नवा. स्टेन्सिल कधी चुकतंही. माझ्या मागच्या खुर्चीवर काळी ओढणी होती, तिचा एक काठसुद्धा ॲश ब्राऊन झाला होता. तेव्हाच शंका यायला हवी होती.

आता खरी गोम. केस काळेभोर असतील तर त्यावर नुसता रंग पसरून काही दिसत नाही, कारण काळ्यातून उजेडच फारसा परत येत नाही. म्हणून ॲप आधी केस उजळतं आणि मग रंग देतं. फोनला ते उजळणं फुकट पडतं. डोक्यावर ते फुकट नाही. मैत्रिणीच्या धंद्यात केसांची खोली आकड्यांत मोजतात: १ म्हणजे काळाकुट्ट, १० म्हणजे सगळ्यात फिका सोनेरी. आपल्याकडचे बहुतेक केस १ ते ३ मध्ये बसतात. डब्यावरच्या ६.१ मधला ६ ही खोली आणि दशांशानंतरचा १ म्हणजे राखाडी छटा. नेहमीचा वीस व्हॉल्यूमचा डेव्हलपर, म्हणजे ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड, कोऱ्या केसाला फार तर एक-दोन पायऱ्या वर नेतो. मी तीनवर. म्हणजे चार, ओढूनताणून पाच. सहा गाठण्यासाठी जास्त तीव्र डेव्हलपर किंवा ब्लीच लागलं असतं आणि ते ना ताईंनी सुचवलं, ना मी विचारलं.

शिवाय केस उजळताना तो सरळ काळ्याचा तपकिरी होत नाही. आपल्या केसातलं रंगद्रव्य जसं उतरतं तसा आतून आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा रंग डोकावतो. चार-पाचच्या आसपास केस थांबला की आत लालच बसलेला असतो. राखाडी छटेतला निळसरपणा त्या लालाला थोडा दाबतो, पण पुरता नाही. माझी मुळं तांबूस का झाली, त्याचं उत्तर हे. ॲपमध्ये ही लाल-नारिंगी पायरी नसतेच. ते एका उडीत पोचतं.

आणि खालचे केस? तिथे माझं स्वतःचं कर्तृत्व. मी सहा वर्षं दर महिन्याला पाकिटातली काळी मेहंदी लावत होते. आदल्या पावसाळ्यात कंटाळा करून सोडली, म्हणून दोन बोटं कोरे केस वाढले होते. काळी मेहंदी म्हणून जे मिळतं त्यातल्या बऱ्याच पाकिटांत मेहंदीसोबत पीपीडी हा रासायनिक काळा रंग असतो. मैत्रिणीने एका वाक्यात सांगितलं, "रंगाने रंग उतरत नाही." एकदा कृत्रिम काळा आत बसला की त्यावर दुसरी शेड लावून तो फिका होत नाही. आधी तो काढावा लागतो, आणि मेहंदी-नीळ असलेल्या केसावर ब्लीच लावलं तर कधी नारिंगी, कधी हिरवट असं काहीही निघू शकतं. काही मेहंद्यांत धातूंचे क्षार असतात, त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं तर केस गरम होऊन तुटूही शकतात. कॅमेऱ्याला माझी सहा वर्षं कुठून दिसणार? त्याला फक्त काळा रंग दिसला. कोरा काळा आणि मेहंदीचा काळा फोटोत अगदी जुळे भाऊ.

पांढऱ्या केसांचंही तसंच. फ्रंट कॅमेरा चेहरा गुळगुळीत करतो तेव्हा कानशिलावरचे चार-दोन पांढरेही मिटवतो, त्यामुळे ॲपने ते रंगवले की नाही हा प्रश्नच उरत नाही. खऱ्या पांढऱ्या केसात आतून येणारा लाल नसतो. तिथे राखाडी शेड एकटीच पडते आणि उदास राखी दिसते. म्हणूनच जाणकार लोक पांढऱ्यासाठी शेडमध्ये त्याच खोलीची साधी नैसर्गिक शेड मिसळतात, ६.१ मध्ये ६.० असं. माझ्या वेळी कोणी मिसळली नाही.

मग ॲप सगळंच खोटं का? नाही. मैत्रिणीने मला एक उलटी परीक्षा शिकवली. कुठल्याही ॲपवर पुढचं ठरवण्याआधी मागचं तपासा. ज्या बाईने खरंच केस रंगवलेत तिचा रंगवण्याआधीचा फोटो घ्या, त्यावर ॲपमध्ये तीच शेड चढवा आणि तिच्या नंतरच्या फोटोशेजारी ठेवा. मी माझ्या आणि जाऊबाईंच्या फोटोंवर हे केलं. जाऊबाईंनी कधी मेहंदी लावलेली नाही. त्यांनी चॉकलेट ब्राऊनची ४ नंबर शेड केली होती, म्हणजे त्यांच्या मूळ रंगापासून जेमतेम एक पायरी. ॲपचा फोटो आणि खरा फोटो इतके जवळ आले की सासूबाईंनी विचारलं, यातला कुठला खरा? माझे दोन फोटो मात्र दोन वेगळ्या बायकांचे वाटत होते. ॲप तेच, फोन तोच. फरक फक्त केस किती पायऱ्या चढवायचे आणि त्यावर आधी काय बसलंय याचा.

म्हणून माझं मत असं झालंय: तुमचा रंग आणि हवा असलेला रंग यांत एखाद-दुसऱ्या पायरीचं अंतर असेल आणि केस कोरे असतील, तर ॲपवर बऱ्यापैकी भरवसा ठेवा. त्यापलीकडे ते फक्त एवढंच सांगतं की असा रंग डोक्यावर आला तर चेहऱ्याला कसा दिसेल. येईल का, हे त्याला माहीत नाही. आणि चेहऱ्याचं सांगणं काही कमी नाही! मला सोनेरीकडे झुकणाऱ्या शेड अजिबात शोभत नाहीत, चेहरा पिवळट दिसतो, हे मला ॲपमुळेच कळलं. कॉपरवर पैसे घालवायचे वाचले.

चेहऱ्यापुरतं विचारायचं तरी नीट विचारावं. मी पहिला फोटो बेडरूमच्या पिवळ्या दिव्यात काढला होता, ब्युटी मोड चालू ठेवून. नंतर तीच शेड तीन ठिकाणी पाहिली: ट्यूबलाइटखाली, दिवसा खिडकीजवळ आणि गच्चीत उन्हात. ट्यूबलाइटखाली चांगली, खिडकीत ठीक, उन्हात चेहरा थकलेला. आता मी खिडकीतल्याच फोटोवर विश्वास ठेवते. ब्युटी मोड बंद, स्क्रीनचा रात्रीचा पिवळेपणा बंद. पिवळ्या पडद्यावर राखाडी शेड पाहायची म्हणजे हळदीच्या हाताने दुधाची भेसळ तपासायची.

एक गोष्ट मात्र खटकते. लोरेआलने २०१८ मध्ये मॉडिफेस ही कॅनडातली कंपनी विकत घेतली, चेहऱ्यावर आणि केसांवर आभासी रंग दाखवणारी. म्हणजे रंगही त्यांचा आणि आरसाही त्यांचा. यात गैर काही नाही, पण कापडाच्या दुकानातल्या दिव्याखाली साडीचा रंग ठरवू नये, दारात जाऊन बघावा, हे आईने शिकवलेलं इथेही लागू आहे.

केसांचं दारात जाणं म्हणजे स्ट्रँड टेस्ट. याच वर्षी मी पहिल्यांदा केली. दोन पातळ बटा घेतल्या, एक मानेजवळची, मेहंदीपासून कोऱ्यापर्यंत पूर्ण लांबीची, दुसरी कानशिलावरची पांढरी. छोट्या वाटीत एक चमचा रंग, पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात डेव्हलपर, सांगितलेला पूर्ण वेळ. मग धुऊन पूर्ण वाळवल्या, कारण ओला केस नेहमी गडद दिसतो आणि आपण तिथेच फसतो. खिडकीत धरल्या. मेहंदीचा भाग ढिम्म काळा, मधे एक तांबूस पट्टा, पांढरी बट राखी. तेच तीन रंग, फक्त या वेळी दोन बटांवर. (ॲलर्जीसाठीची पॅच टेस्ट वेगळी, ती ४८ तास आधी कोपराच्या आत करायची. पीपीडीमुळे ती टाळूच नका.)

सध्या मी मेहंदीचे केस दर दोन महिन्यांनी थोडे थोडे कापून टाकतेय आणि मुळांना ४.० लावतेय. खांद्यापर्यंत आले की मग बघू.

परवा भाचीने बर्गंडीतला स्वतःचा फोटो पाठवला, ॲपमधला. खाली तीन हृदयं. छान दिसत होती. मी विचारलं, "शेवटची काळी मेहंदी कधी लावलीस?" दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही आलं अजून.