५२ अंश आणि घरातलं चिंतेचं वातावरण

प्रोसेसरचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की माणसाची झोप उडते. तोवर मशीन गुण्यागोविंदानं चाललेलं असतं. मग कोपऱ्यात ५२ दिसतं आणि लगेच मित्रमंडळात फोटो फिरतो, ‘नॉर्मल आहे का रे?’ माणसाला ५२ ताप आला तर डॉक्टर नाही, भटजी लागेल. पण प्रोसेसरचं तसं नाही, हे आधी मनाला पटवावं लागतं.

मला HWiNFO64 आवडतं, पण ते बिचारं प्रामाणिक आहे आणि जे जे सापडेल ते ते दाखवतं. एखाद्या मदरबोर्डवर AUXTIN नावाची ओळ १२७ अंश सांगत बसलेली असते. तिथं बहुधा सेन्सर जोडलेलाच नसतो. रिकाम्या घराचं वीजबिल आल्यासारखा तो आकडा. तिकडे बघू नका. इंटेलवर CPU Package आणि एएमडीवर CPU (Tctl/Tdie), एवढीच ओळ पाहा. आणि हो, सॉफ्टवेअर उघडल्याउघडल्या दिसणारा आकडा धरू नका. ते उघडण्यासाठीच प्रोसेसरला धावाधाव करावी लागलेली असते. बाकी सगळं बंद करून दहा मिनिटं थांबा.

मग जे दिसेल त्यातून खोलीचं तापमान वजा करा. ही पायरी कुणी करत नाही आणि मे महिन्यात नागपूरहून घाबरलेले निरोप येतात. खोली ३८ वर असेल तर आराम करणारा प्रोसेसर ५० दाखवणारच; प्रोसेसरवरचा कूलर म्हणजे एसी नव्हे, तो खोलीच्या खाली जाऊच शकत नाही. डेस्कटॉप निवांत असताना खोलीपेक्षा १० ते २० अंश वर असेल तर मी चहा घ्यायला जातो. रायझेन निवांत असतानाही मधूनच १०-१५ अंशांनी उडी मारून परत खाली येतो. ती त्याची सवय आहे. एखादा कोअर क्षणभर वेग वाढवतो, इतकंच.

कामाला जुंपल्यावर, म्हणजे गेम किंवा व्हिडिओ एन्कोडिंग चालू असताना, डेस्कटॉप ६५ ते ८५ मध्ये राहिला तर ठीक. पातळ लॅपटॉप ९५ गाठतात, त्यांची अंगकाठीच तशी. रायझेन ७००० मालिकेतले ७७००एक्स, ७९५०एक्ससारखे प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ पर्यंत जातील असेच बनवलेत. म्हणून नुसता ९५ पाहून मी काही बोलत नाही. तो किती वेळात आला आणि किती वॅटवर आला, हे विचारतो.

इंटेल आय५-१२४०० घ्या, सोबत खोक्यातलाच कूलर. खोली २८, निवांत तापमान ५५, म्हणजे फरक २७. इथंच भुवई उंचावायची. सिनेबेंचची सर्व कोअरची चाचणी लावली आणि तीन सेकंदांत १००. ही त्याची कमाल मर्यादा. Core Thermal Throttling समोर Yes उमटलं, वीज ५० वॅटवरच अडकली आणि वेगही घसरला. धड बसलेल्या कूलरवर हाच प्रोसेसर ८० वॅटच्या आसपास घेऊनही ७५-८० अंशांत राहायला हवा.

आता बोट वापरायचं. पंख्याची पाती टाळून कूलरच्या ॲल्युमिनियमला हलकेच स्पर्श करा. प्रोसेसर १०० वर आणि धातू थंडगार, तर उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाहीये. पंखा बदलून उपयोग नाही. धातू चांगलाच तापलेला असेल, तर उष्णता पोचतेय पण हवा ती नेत नाही: पंखा थांबलाय, पात्यांमागे धुळीची गोधडी झालीय किंवा कॅबिनेट कोंदलंय. कॅबिनेटची बाजू उघडून टेबलफॅन लावल्यावर आकडा दहा अंशांनी उतरला, तर दोष कॅबिनेटच्या हवेचा.

आपल्या उदाहरणात धातू थंड आहे. इंटेलच्या या कूलरला चार ढकलपिना असतात, आणि तीन बसून चौथी नुसती बसल्याचं नाटक करते. मशीन बंद करा, वायर काढा, मदरबोर्डच्या मागच्या बाजूनं पाहा. चारही काळे खिळे बाहेर डोकावले पाहिजेत. नसतील तर चारही पिना बाणाच्या दिशेनं फिरवून कूलर काढा. वेगळा विकत घेतलेला कूलर असेल तर तळाला संरक्षक प्लास्टिक चिकटून राहिलंय का तेही बघा; लाजू नका, ते बऱ्याचदा असतं. प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, मध्यभागी वाटाण्याएवढी नवी ठेवा. पिना उलट फिरवून मूळ जागी आणा आणि तिरप्या समोरासमोरच्या जोडीनं ‘टक्’ होईपर्यंत दाबा. मदरबोर्ड वाकतोय असं वाटून हात मागे घेणारे इथंच फसतात.

पाण्याचा कूलर असेल तर लक्षण वेगळं. पंप मेला की चाचणीत आकडा चढतो आणि चाचणी थांबली तरी लवकर उतरत नाही. निवांत असतानाही ७० च्या पुढे रेंगाळतो. एक नळी गरम, दुसरी थंड लागते. तिथं पेस्ट बदलत बसू नये, वॉरंटीचं बिल शोधावं.