कुशल, क्षेम आणि पान ७

वार्षिक अहवाल छपाईला जाण्यापूर्वी त्याच्या पान ७ वरील खर्चाचा तक्ता आमच्या लेखापालांकडून तपासून घ्यायचा होता, एवढेच काम होते. त्यासाठी मी त्यांना एक ईमेल लिहिला. सवयीने पहिले वाक्य लिहिले, "आशा आहे की आपण कुशल असाल." पुढे अहवालाची पूर्वपीठिका आली, मग तो वेळेवर पूर्ण करण्यात आम्हाला आलेल्या अडचणी आल्या, मग त्या अडचणींवर आम्ही कशी मात केली ते आले, आणि चौथ्या परिच्छेदाच्या अखेरीस, "कळावे"च्या जरा वर, "तरी कृपया पान ७ वरील तक्ता शुक्रवारपर्यंत तपासून द्यावा" हे वाक्य अंग चोरून बसले.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. "धन्यवाद. तसा बरा आहे. डावा गुडघा मात्र जिना उतरताना अजून दुखतो, चढताना तितका नाही." गुडघ्याविषयी आणखी सहा ओळी होत्या. तक्त्याविषयी एकही नव्हती.

मी त्यांच्या टेबलापाशी गेलो, तेव्हा त्यांनी शांतपणे आपला मोबाइल माझ्यासमोर धरला. पडद्यावर ईमेलची यादी होती. अशा यादीत पाठवणाऱ्याचे नाव, त्याखाली विषय आणि त्याखाली मजकुराच्या सुरुवातीचे काही शब्द दिसतात, आणि कोणता ईमेल आधी उघडायचा व कोणता दुपारच्या सुस्तीवर सोडायचा, हे माणूस तेवढ्यावरच ठरवतो. त्यांच्या यादीत एकाखाली एक आठ ईमेल होते आणि त्यांतले पाच "आशा आहे की आपण कुशल…" येथपर्यंत येऊन तुटले होते. माझा कोणता, हे मलाही चटकन ओळखता येईना, कारण विषय म्हणून मी "अहवाल" एवढाच शब्द लिहिला होता.

"इतके लोक माझ्या कुशलाची चौकशी करतात," ते म्हणाले, "आणि रजेचा अर्ज मात्र तीन आठवडे पडून आहे."

या वाक्याचे मूळ शोधायला गेल्यास फार मागे जावे लागते. रोमन लोक पत्राच्या आरंभी "सी वालेस बेने एस्त, एगो वालेओ", म्हणजे "तू बरा असशील तर उत्तम, मी बरा आहे" असे लिहीत, आणि लिहून लिहून ते इतके कंटाळले, की पुढे या सहा शब्दांची नुसती आद्याक्षरेच टाकू लागले. पत्र पोहोचायला अनेक दिवस लागत असताना "मी बरा आहे" ही निदान बातमी तरी होती. माझा ईमेल दोन टेबले ओलांडून गेला होता आणि लेखापालांचा गुडघा मला माझ्या खुर्चीवरून दिसत होता.

तेव्हा पहिले वाक्य बदलायचे, असे मी ठरवले. हे काम वाटते तितके सोपे नाही. प्रथम मी लिहिले, "हा ईमेल लिहिण्याचा उद्देश असा, की वार्षिक अहवालाच्या संदर्भात आपल्याशी संपर्क साधावा." वाचून समाधान वाटले. पुन्हा वाचल्यावर ध्यानात आले, की यात उद्देश हा शब्द आहे, उद्देश नाही. "अहवालाच्या संदर्भात" म्हटल्याने विषय कळतो. त्या विषयाचे वाचणाऱ्याने काय करायचे, ते वाचायचे, तपासायचे, मंजूर करायचे की नुसते ऐकून घ्यायचे, हे कळत नाही. लग्नाच्या संदर्भात आलो आहे, असे म्हणणारा माणूस वरपक्षाचा, मंडपवाला किंवा फसवला गेलेला जुना प्रियकर, यांपैकी कोणीही असू शकतो.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. "पान ७ तपासा." हे वाक्य लहान होते, स्पष्ट होते आणि पहारेकऱ्याच्या तोंडी शोभले असते. पहिल्या वाक्यातून कुशल काढले, म्हणजे सौजन्यही हाकलावे लागते, असा माझा समज झाला होता. प्रत्यक्षात मराठीत सौजन्य क्रियापदात मावते. "तपासा"च्या जागी "तपासून द्याल का" आले, की निराळ्या नमस्काराची गरज उरत नाही.

अखेर कळले, की मला हवे ते वाक्य मी आधीच लिहून ठेवले होते. ते चौथ्या परिच्छेदात होते. औपचारिक मराठीत आपण सगळी कारणे सांगून झाली, की "तरी" म्हणतो आणि मग मागणे मागतो. त्यामुळे कोणत्याही मसुद्यात "तरी" शोधला, की उद्देश सहसा त्याच्या पाठीमागेच सापडतो. तेवढे वाक्य उचलून वर आणायचे आणि "तरी" काढून टाकायचा, कारण ज्या कारणांवर तो टेकून उभा होता ती आता खाली राहिलेली असतात. अडचणींवर आम्ही कशी मात केली, तो परिच्छेद मी त्याच ओघात गाळला. त्याचे थोडे दुःख झाले.

तरीही एक अडचण उरली, आणि ती खास आपली आहे. मी वर आणलेले वाक्य असे झाले: "सोबत जोडलेल्या वार्षिक अहवालाच्या पान ७ वरील विभागवार खर्चाचा तक्ता आपण शुक्रवारी दुपारी चारपर्यंत तपासून द्याल का?" व्याकरणदृष्ट्या निर्दोष. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे मोबाइलच्या यादीत मात्र ते "सोबत जोडलेल्या वार्षिक अहवालाच्या पान…" येथे गतप्राण झाले. तेव्हा विशेषणांची वरात दुसऱ्या वाक्यात धाडली आणि पहिले ठेवले: "पान ७ चा तक्ता शुक्रवारपर्यंत तपासून द्याल का?" काम, मुदत आणि विनंती, तिन्ही तुटण्याच्या आत. दुसऱ्या वाक्यात अहवाल सोबत जोडला असल्याचे आणि चार वाजता तो छपाईला जाणार असल्याचे सांगितले. तिसरे वाक्य नव्हते.

सगळीकडे हा उपाय चालतो, असे नाही. कोणाच्या घरी दुःखद घटना घडली असेल, तर तेथे पहिल्या वाक्यात तक्ता काढणाऱ्याला कोणी क्षमा करू नये. अनोळखी माणसाला लिहिताना आपण कोण, हे त्याच वाक्यात बसवावे लागते. आणि कधी कधी पहिले वाक्य काही केल्या जमतच नाही. त्या वेळी बहुधा एका ईमेलमध्ये दोन ईमेल कोंबलेले असतात. मी त्याच तपासणीच्या विनंतीत नव्या खुर्चीचीही मागणी घुसवू पाहत होतो, हे मला असेच समजले.

नवा ईमेल पाठवल्यावर अकरा मिनिटांत उत्तर आले. "तिसऱ्या ओळीत १४ नव्हे, ४१. बाकी बरोबर." अहवाल थोडक्यात बचावला. त्याखाली मात्र एक ओळ होती: "या वेळी गुडघ्याची चौकशी केली नाहीत."

मी लगेच नवा ईमेल लिहिला. विषय: "डावा गुडघा". पहिले वाक्य: "आपला गुडघा आता कसा आहे, ते सवडीने कळवाल का?"

उत्तर दीड पानांचे आले. त्याचे पहिले वाक्य होते, "आशा आहे की आपण कुशल असाल."