‘तू’ म्हणू की ‘तुम्ही’? दोन्ही म्हणा!

मराठीत जाहिरात लिहायला घेतलीत? मग काय विकायचंय ते राहू द्या, आधी गिऱ्हाइकाचं वय विचारा. कॉलेजातला असेल तर ‘तू’, नोकरीतला असेल तर ‘तुम्ही’, केस पिकलेले असतील तर ‘आपण’. झालं, व्याकरण संपलं.

आता फेसवॉशची जाहिरात घ्या. तरुणांचा माल, म्हणजे ‘तू’. पहिली ओळ ठोका: ‘उन्हातून दमून आलास?’ मीटिंगमध्ये सगळे खूश. मग कुणाच्या तरी लक्षात येईल की फेसवॉश मुलीही लावतात. त्यांच्यासाठी ‘आलीस’ हवं. ‘आलात’ केलं तर दोघंही मावतात, पण त्या ‘आलात’मुळे मॉडेल एकदम सोसायटीची सेक्रेटरी वाटायला लागते. घाबरू नका. सरळ ‘आलास/आलीस’ लिहा आणि मधल्या तिरक्या रेघेचा उच्चार व्हॉइसओव्हरवाल्यावर सोपवा.

काही जुने कॉपीरायटर इथे उगाच डोकं चालवतात. ‘चेहरा धुतलास का?’ असं लिहून मोकळे होतात. तिथे क्रियापद चेहऱ्यामागे जातं, त्यामुळे विचारलं मुलाला की मुलीला, ते कळतच नाही. ‘धू’ आणि ‘धुशील’चंही तसंच. पण इतका विचार करायचा तर डेडलाइन कुणी पाळायची?

शेवटच्या ओळी मात्र स्वतः लिहू नका. ‘आजच खरेदी करा’ ही आधीच्या जाहिरातीतून उचला आणि ‘डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्याने धुवावेत’ ही वकिलांकडून येऊ द्या. वीस सेकंदांत तोच पोरगा ‘तू’वरून ‘तुम्ही’वर आणि तिथून थेट ‘धुवावेत’वर पोचतो. इतक्या झपाट्याने कुणी मोठं होत नाही.

ज्येष्ठांसाठी पेन्शन योजना असेल तर ‘आपण’ म्हणा. ‘आपण निवृत्तीनंतर काय करणार?’ हा प्रश्न आजोबांना आहे की विमा कंपनी स्वतःच्याच काळजीत आहे, हे ज्याने त्याने ठरवावं. ‘आपण काय कराल?’ लिहिलं असतं तर हा घोळ झाला नसता, पण मजाही गेली असती.

गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीत नातीच्या तोंडी ‘आजी, तुम्ही हे लावा ना’ घाला. मूळ हिंदीत ‘आप’ आहे, मग मराठीत ‘तुम्ही’ नको? मराठी घरांत आईला आणि आजीला बहुधा ‘तू’च म्हणतात आणि ‘अहो’ बाबा-आजोबांच्या वाट्याला येतं, असं कुणी सुचवेल. (आता बाबाही ‘अरे’वर आलेत म्हणा.) मान आणि जवळीक वेगवेगळ्या वाटांनी जातात, वयावर सगळं ठरत नाही, वगैरे. ऐकून घ्या, मान हलवा आणि ‘तुम्ही’ ठेवा. प्रेक्षकांना ती नात शेजारच्यांची वाटली, तरी तेल काही कमी खपणार नाही.

एवढं करून क्लाएंटने विचारलंच, ‘मराठी थोडं जड वाटतंय का?’, तर ‘त्वचा’ काढून ‘स्किन’ टाका आणि ‘धुवावेत’ तसंच राहू द्या.