पिवळ्याची पैज, पांढऱ्याचा निकाल

पैज अंडं उकडण्याची होती. "तुला साधं अंडं उकडता येत नाही" असं मिलिंद म्हणाला, मी त्याला तेच म्हणालो आणि रविवारी त्याच्या घरी भेटायचं ठरलं. अट एकच: पांढरं घट्ट, आतला बलक मधासारखा. अंडी ज्याची त्याने आणायची आणि हरेल त्याने भांडी घासायची. परीक्षक मिलिंदचे काका, म्हणजे अप्पा. त्यांच्याबद्दल पुढे लिहितोच, कारण राग अजून उतरलेला नाही.

मी त्याच सकाळी घातलेली अंडी मुद्दाम मिळवली होती. मिलिंदने फ्रिजच्या कोपऱ्यातली, त्यालाही विसर पडलेली काढली. मी त्याचं एक पाण्याच्या वाटीत सोडलं. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं. जुनं होत जातं तसं आतलं पाणी कवचाच्या छिद्रांतून उडतं, बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते आणि अंडं टोकावर उभं राहतं. मिलिंदचं अंडं परेडला आल्यासारखं उभं राहिलं. मी हसलो. तिथेच माझं चुकलं होतं, पण ते नंतर कळलं.

माझी पद्धत चोख होती. पाणी आधी खळखळ उकळू दिलं, मग फ्रिजमधली गार अंडी डावाने अलगद सोडली, कारण वरून टाकली की तळावर आपटून तडकतात. मध्यम आकाराच्या अंड्याला आठ मिनिटं, घड्याळ लावून. लगेच बर्फाच्या पाण्यात, कारण गॅस बंद झाला तरी पांढऱ्यातली उष्णता आत सरकतच राहते आणि बलक हळूहळू घट्ट होतो. मिलिंदने गार पाण्यातच अंडी टाकून पातेलं चढवलं आणि फोनवर बोलायला गेला. पाणी कधी उकळलं हे पातेल्यालाच ठाऊक. परत आला, गॅस बंद केला, अंडी त्याच गरम पाण्यात ठेवली आणि पुन्हा फोन घेतला.

मग सोलायची वेळ आली. मिलिंदच्या अंड्याचं टरफल दोन तुकड्यांत निघालं, आतून गुळगुळीत, चकचकीत गोळा. माझं मात्र नखाएवढ्या कपच्यांनी निघू लागलं आणि प्रत्येक कपचीबरोबर पांढऱ्याचा लचका. कारण मला पाठ आहे, हेच जास्त झोंबतं. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड असतो. तो छिद्रांतून निसटायला दिवस लागतात. तोवर पांढऱ्याचा सामू आठच्या खाली असतो आणि उकडल्यावर ते आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतं. आठवडा-दोन आठवडे गेले की सामू नऊच्या वर जातो आणि पकड सुटते. उकळत्या पाण्यात सुरुवात केली की सोलणं सोपं जातं हे खरं, पण सकाळच्या अंड्यापुढे ती युक्तीही दमते. थोडक्यात, मी ताजेपणाची किंमत मोजत होतो आणि तो आळसाचं बक्षीस घेत होता.

अप्पा आले. खुर्ची सरकवली, चष्मा पुसला, दोन्ही ताटल्या उजेडाकडे वळवल्या. माझ्या अंड्याकडे बघून म्हणाले, "हे पडलं होतं का?"

मी म्हणालो, "अप्पा, दिसण्यावर जाऊ नका. कापून बलक बघा."

त्यांनी दोन्ही कापली. माझा बलक कडेला जेमतेम धरलेला, मध्ये दाट आणि केशरी. मिलिंदचा कोरडा, भुसभुशीत आणि भोवती हिरवट-करडं कडं. अंडं जास्त वेळ तापलं की पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांचं आयर्न सल्फाइड होतं, तेच ते कडं. खायला अपाय नाही, पण कबुलीजबाब तोच. मी जिंकलो होतो.

अप्पांनी चमचा घेतला आणि दोन्ही बलक काढून बाजूच्या वाटीत टाकले.

"अप्पा! काय करताय?"

"डॉक्टरांनी पिवळं बंद केलंय. तीन वर्षं झाली."

"पण पैज पिवळ्याचीच आहे!"

"मग मला कशाला बोलावलंत?" असं म्हणून त्यांनी मिलिंदचं पांढरं खाल्लं. मग माझं. मग मीठ लावून पुन्हा मिलिंदचं. "याला कवचाची चव नाही," त्यांनी निर्णय दिला. माझ्या पांढऱ्यातली एक कपची तेव्हा त्यांच्या दाढेखाली कर्र झाली होती, हे मी नाकारत नाही. पण स्वयंपाकाचा परीक्षक निवडताना तो काय खात नाही हे विचारायची पद्धत हवी ना? मिलिंदला हे तीन वर्षं ठाऊक होतं. तो छताकडे बघत होता.

भांडी मी घासली. पातेली दोनच होती, पण सिंकच्या जाळीत अडकलेलं टरफल सगळं माझं. मी हात पुसत असताना अप्पांनी ती वाटी पुढे केली. केशरी आणि हिरवट, दोन्ही बलक एकमेकांत कालवलेले.

"घे," म्हणाले, "तुला पिवळं आवडतं ना?"