पाच फेऱ्यांचे गणित बरोबरी येईपर्यंतच

मी ७ फेऱ्यांच्या बाजूने लिहिले, त्यावर आपण कळवता: «३२ खेळाडूंच्या स्विस बुद्धिबळ स्पर्धेला ५ फेऱ्या पुरतात, हे शाळकरी गणित आहे. तुम्ही ७ फेऱ्यांची बाजू घेता, म्हणजे आयोजकांचा कैवार घेता. शिवाय सहाव्या फेरीत पहिल्या दोघांना एकमेकांशी खेळवले नाही, हे पेअरिंग उघड चुकीचे होते. लिहिण्याआधी नियम वाचत चला.»

आपल्या आक्षेपापेक्षा आपले शेवटचे वाक्य मला अधिक लागले. पेअरिंग, म्हणजे फेरीच्या जोड्या लावणे, संगणकावर होत नसे त्या काळात मी धरमपेठेतल्या स्पर्धांमध्ये खेळाडूंची कार्डे टेबलावर मांडून, प्रत्येकावरचे आधीचे प्रतिस्पर्धी आणि मोहऱ्यांचे रंग तपासत रात्र रात्र बसलेलो आहे. असा सल्ला या सुरात मला देण्याचे काही कारण नव्हते.

एकही डाव बरोबरीत सुटला नाही, तर आपले गणित अचूक आहे, हे मान्य करतो. स्विस पद्धतीत कोणी बाद होत नाही, दर फेरीला शक्यतो सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांशी खेळतात; म्हणून पूर्ण गुण असलेले खेळाडू दर फेरीला निम्मे होतात: १६, ८, ४, २ आणि पाचव्या फेरीनंतर एकच. परंतु चौथ्या फेरीअखेर ४ गुणांवर असलेल्या दोघांनी पाचव्या फेरीत बरोबरी केली, की दोघेही साडेचारवर थांबतात. त्यांच्यामागे ३ गुणांवर आठ जण असतात आणि त्यांचे डाव निकाली लागले, तर चौघे ४ गुणांवर येतात. साडेचारला कोणी गाठत नाही, पण पहिल्या क्रमांकावर दोघे उरतात आणि निर्णय टायब्रेकवर, म्हणजे समान गुणांच्या खेळाडूंचा क्रम लावणाऱ्या निकषावर, जातो. असा एक निकष बुकोल्झ, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज. ती इतरांच्या डावांवर ठरते, म्हणून विजेता तिच्यावर सोडणे मला पटत नाही.

आता सहावी फेरी. ते दोघे एकदा खेळले आहेत आणि एकाच स्पर्धेत तीच जोडी पुन्हा लावायची नाही, हा जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, फिडेच्या, स्विस नियमांतला मूलभूत दंडक आहे. म्हणून दोघांनाही ४ गुणांच्या गटात उतरवावे लागते. मानांकनाने पहिल्या आघाडीवीरासमोर त्या चौघांतला पहिला येतो. पण त्याने आपला एकमेव पराभव याच आघाडीवीराकडून पत्करलेला असू शकतो, आणि मग त्याच्याऐवजी पुढचा घेतात. उरलेल्या दोघांचीही आधी गाठ पडलेली नाही ना, रंग जमतात ना, हे पाहून सगळी मांडणी पुन्हा बदलावी लागू शकते. या फेरीत एक जिंकला आणि दुसऱ्याने अर्धा गुण गमावला, तर साडेपाच आणि पाच असा निर्णय पटावरच होतो. दोघेही जिंकले तर सातवी फेरी हवी, आणि तीही निकालाची हमी देत नाही.

आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये समरकंदच्या ग्रँड स्विसच्या खुल्या गटात खेळली. आपल्या हिशेबाने १२८ खेळाडूंपर्यंत ७ फेऱ्या पुरायला हव्यात; तिथे खेळाडू त्याहून कमी असूनही ११ फेऱ्या होत्या.

आयोजकांच्या कैवाराविषयी मी काहीच लिहिणार नाही. पेअरिंगला चूक म्हणायचे असेल, तर त्या दोघांची पाचव्या फेरीत गाठ पडली नव्हती, हे आधी निकालपत्रकावरून दाखवावे.