अ‍ॅप काढून टाकलं, तरी माहिती जातेच कशी?

"अरे, ते अ‍ॅप मी कधीच उडवलंय," निखिल ठामपणे म्हणाला आणि वादाला तोंड फुटलं. विषय त्याच्या मनगटावरच्या फिटनेस घड्याळाचा. ऑफिसात पावलांची स्पर्धा झाली, तिच्यासाठी एक वेगळं अ‍ॅप घ्यायला लावलं होतं. स्पर्धा संपली, अ‍ॅप गेलं, म्हणजे विषय संपला, असं त्याचं म्हणणं. स्नेहाला ते पटेना. ती अशाच आरोग्य-अ‍ॅपच्या सर्व्हरचं काम करते, त्यामुळे या बाबतीत तिचं सगळे ऐकतात.

"ते अ‍ॅप घड्याळाला जोडलंस कसं, ते सांग आधी," ती म्हणाली.

निखिलनं आठवून सांगितलं. अ‍ॅपमधूनच घड्याळाच्या कंपनीचं लॉगिनचं पान उघडलं होतं. तिथं पासवर्ड टाकला, खाली परवानग्यांची यादी आली, सगळ्यांवर खूण केली आणि पुढे गेला.

"मग फोनचा यात संबंधच उरत नाही. घड्याळातली माहिती ब्लूटूथनं फोनवर येते आणि फोनवरून कंपनीच्या सर्व्हरवर जाते. स्पर्धेवाल्यांचा सर्व्हर ती तिथून थेट उचलतो. तू फोनवरून काढलंस ते फक्त त्यांचं दुकानाबाहेरचं दार."

मग तिनं आतली व्यवस्था समजावली. लॉगिन केल्यावर घड्याळाची कंपनी दुसऱ्या सर्व्हरला एक टोकन देते, म्हणजे माहिती उचलायचा डिजिटल पासच. ते थोडा वेळच चालतं, फिटबिटचं साधारणपणे 8 तास. पण त्याच्यासोबत आणखी एक टोकन मिळतं, नवं टोकन मागून घेण्यासाठी. म्हणजे आपण परवानगी रद्द करेपर्यंत हे नूतनीकरण परस्पर चालू राहू शकतं. त्यासाठी फोनवर अ‍ॅप असण्याची गरज नाही, आणि आपल्याला पुन्हा कुणी विचारतही नाही.

"बरं, गेली माहिती," दिनेश म्हणाला. "पण काय गेलं? पावलंच ना? हा रोज किती चालतो हे कळून कुणाचं काय भलं होणार आहे?"

इथं निखिलच जरा गप्प झाला, कारण त्या यादीत पावलांखेरीज नाडी, झोप, वजन आणि व्यायामाचा नकाशाही होता. स्पर्धेला लागणार होती फक्त पावलं.

स्नेहानं नाडीचं उदाहरण घेतलं. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश त्वचेतून परत येताना रक्ताच्या प्रत्येक ठोक्यासरशी कमीजास्त होतो, त्यावरून नाडी मोजतात. समज, कुणाची विश्रांतीच्या वेळची नाडी कित्येक आठवडे 58च्या आसपास आहे. मग सलग तीन रात्री ती 66 होते, त्वचेचं तापमान थोडं चढतं, झोप तुटक होते. बघणारा म्हणेल, ताप असावा. पण दारू प्यायल्यावरही रात्रीची नाडी चढते. आकड्यांवरून नक्की कारण सांगता येत नाही, तरी अंदाज बांधला जातोच.

मला यातली चुकीच्या अंदाजाची बाजू जास्त काळजीची वाटते. झोपेच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी नोंदवतात. घड्याळ हालचाल आणि नाडी यांवरून झोपेचे टप्पे ठरवतं. त्या ठोकताळ्याला कुणी वैद्यकीय नोंदीचं वजन दिलं, तर तो खोडायला माणूस तिथं हजरच नसतो.

"पण ऑफिसला तर सरासरीच दिसते. नावनिशीवार काही जात नाही," निखिलनं आशेनं सांगितलं.

"तुमच्या गटात किती जण?"

"पाच."

स्नेहानं तिथल्या तिथं हिशेब मांडला. पाच जणांची सरासरी 7,000 पावलं, म्हणजे एकूण 35,000. दुसऱ्या तक्त्यात निखिल सोडून उरलेल्या चौघांची सरासरी 8,000 दिसली, तर त्यांची बेरीज 32,000. राहिली 3,000, ती निखिलची. नाव कुठंच लिहिलेलं नाही, तरी माणूस सापडला. गट लहान असेल तर सरासरीच्या आडोशावर विसंबू नये, हे मला तिथं पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं.

दिनेशचा पुढचा मुद्दा रास्त होता. घड्याळाची कंपनी मोठी असते, सुरक्षेवर खर्च करते, मग एवढी भीती कशाला? पण माहिती तिच्यापाशीच थांबत नाही. अनेक घड्याळांतली माहिती एकत्र करून दुसऱ्यांना पुरवणाऱ्या मधल्या कंपन्याही असतात. 2021 साली गेटहेल्थ या अशाच कंपनीचा पासवर्ड नसलेला डेटाबेस इंटरनेटवर उघडा सापडला. त्यात 6 कोटींहून अधिक नोंदी होत्या, नाव, जन्मतारीख, वजन, उंची अशा. बऱ्याचशा नोंदी फिटबिट आणि अ‍ॅपलच्या आरोग्य-व्यवस्थेतून आलेल्या. कळवल्यावर तो बंद केला गेला. ज्यांची माहिती होती, त्यांतल्या कितींनी या मधल्या कंपनीचं नाव तरी ऐकलं असेल?

"आणि डॉक्टर गुप्तता पाळतात तसा कायदा इथंही असेलच," दिनेश म्हणाला. तसं गृहीत धरता येत नाही. अमेरिकेचा हिपा कायदा डॉक्टर, रुग्णालयं, आरोग्य विमा कंपन्या आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांना बांधतो. आपण स्वतः विकत घेतलेल्या घड्याळाची कंपनी सहसा त्यात येत नाही.

मग निखिलनं फोन काढला. घड्याळाच्या कंपनीच्या खात्यात, जोडलेल्या अ‍ॅपच्या यादीत, स्पर्धेचं नाव अजून होतं. शेजारी माहिती शेवटची कधी उचलली त्याची तारीख: कालची. त्यानं तिथं परवानगी रद्द केली. फोनच्या सेटिंगमध्ये ही जोडणी दिसलीच नसती. दिनेशसुद्धा आपला फोन उघडून बसला.

त्याच्याकडे दुसरा मार्ग वापरात होता. अँड्रॉइडवर `Health Connect` फोनमध्येच माहिती साठवतं आणि प्रत्येक प्रकाराची परवानगी वेगळी मागतं. परवानगी दिली की अ‍ॅपला आधीचे 30 दिवसही वाचता येतात. त्याहून जुनं हवं असेल तर वेगळी परवानगी लागते. धावण्याचा मार्ग दाखवायचा की नाही, हेही स्वतंत्र ठरवता येतं. म्हणून पावलं चालू ठेवून बाकी सगळं बंद करणं सोपं आहे. आयफोनच्या आरोग्य-अ‍ॅपमध्ये तर वाचायची परवानगी नाकारली हे समोरच्या अ‍ॅपला कळतही नाही; त्याला माहितीच नाही असं दिसतं. नाकारायला संकोच करणाऱ्यांसाठी हे फार चांगलं केलंय.

"पण आधी गेलेलं परत येतं का?" दिनेशनं विचारलं. नाही. रद्द केल्यानं फक्त पुढचं थांबतं. आधीची प्रत त्यांच्या सर्व्हरवर राहते, ती पुसायला वेगळं कळवावं लागतं. युरोपात जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याचं कलम 17 तसा हक्क देतं, काही अपवाद ठेवून. इतरत्र तिथला कायदा बघावा. स्नेहानं निखिलला मेलमध्ये तीन गोष्टी घालायला सांगितल्या: खातं आणि मिळालेली आरोग्य-माहिती दोन्ही पुसा, ती पुढे कुणाला दिली ते सांगा, आणि काम झाल्याचं लेखी कळवा. नुसतं "खातं बंद करा" लिहिलं तर माहिती तशीच पडून राहू शकते.

दिनेशचं म्हणणं शेवटपर्यंत तेच होतं, की ऑफिसनं पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा काढली तर निखिल नाही म्हणू शकणार नाही. स्नेहानं त्यावर दुसरी वाट सुचवली: पावलांचा आकडा हातानं भरायची सोय मागायची. निखिल मेल लिहीत होता. त्यानं ती मागणी ऑफिसच्या नावे दुसऱ्या मेलमध्ये घातली.